केशरी बलकाची साक्ष

एक फोटो गेली काही वर्षं एका मोबाइलवरून दुसऱ्यावर फिरतो आहे. पांढऱ्या बशीत दोन अंडी फोडलेली. डावीकडचा बलक फिका पिवळा, उजवीकडचा गडद केशरी. खाली मजकूर असतो: डावीकडचं अंडं पिंजऱ्यातल्या कोंबडीचं, तिला निकृष्ट खाद्य घातलेलं, उजवीकडचं मोकळ्या गावरान कोंबडीचं, म्हणून सकस. पाहणाऱ्याला हे लगेच पटतं, कारण त्यात आपल्या मनातलंच म्हटलेलं असतं. मला मात्र तो मजकूर साफ चुकीचा वाटतो आणि त्याने खऱ्या माणसांचं नुकसान होताना मी पाहिलं आहे.

आमच्या दोंडाईच्याच्या आठवडे बाजारात शेजारच्या खेड्यातली एक मावशी अंडी घेऊन बसते. दहा-बारा गावरान कोंबड्या, रात्री डालग्याखाली, दिवसा उकिरड्यावर आणि बांधावर. उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाने तिला आपल्या मोबाइलमधला फोटो दाखवला. तिच्याकडून नेलेलं अंडं घरी फोडलं तर बलक फिका निघाला होता. "मावशी, ही फार्मची अंडी आहेत. गावरान म्हणून दुप्पट भाव घेता," तो म्हणाला. आजूबाजूच्या चार बायका थांबून ऐकत होत्या. मावशी एवढंच म्हणाली, "कोंबडी तीच शे, भाऊ." त्या दिवशी तिची निम्मी अंडी परत गेली. ती खरं बोलत होती, आणि तिचं अंडं फिकं असणं तिच्या बोलण्याशी जुळणारंच होतं. हे कसं, ते नीट सांगायला हवं.

फोटोवरून निकाल देणारा माणूस एकाच दमात तीन उड्या मारतो. फोटोतला रंग म्हणजे बलकाचा रंग, ही पहिली. बलकाचा रंग म्हणजे कोंबडीचं खाद्य, ही दुसरी. आणि खाद्य म्हणजे अंड्याचा दर्जा, ही तिसरी. तिन्ही ठिकाणी पाय घसरतो. पण आधी समोरच्याच्या बाजूने जे खरं आहे ते मान्य करतो.

कोंबडी स्वतःच्या शरीरात बलकाचा पिवळा रंग तयार करू शकत नाही, हे खरं आहे. तो सगळा खाण्यातून येतो. हिरवा पाला, पिवळा मका, झेंडूच्या पाकळ्या यांत ल्युटिन आणि झियाझँथिन नावाची पिवळी रंगद्रव्यं असतात. लाल मिरचीत कॅप्सँथिन नावाचं लाल रंगद्रव्य असतं. कोंबडीच्या आतड्यातून ही द्रव्यं चरबीबरोबर रक्तात जातात आणि वाढत्या बलकात साठतात. अंडं घालण्याआधीच्या आठ-दहा दिवसांत बलक झपाट्याने मोठा होतो. त्यामुळे खाद्य बदललं की दोन-तीन दिवसांत रंगात फरक दिसू लागतो आणि साधारण दहा दिवसांत तो नव्या रंगावर स्थिरावतो. चांगला हिरवा चारा मिळालेल्या कोंबडीचा बलक गडद होतो, ही आपल्या आज्यांची निरीक्षणं खोटी नव्हती. पण त्या अंडं आपल्या परसातल्या कोंबडीचं खात होत्या. कोंबडी काय खाते हे त्यांना आधीच माहीत होतं आणि रंग नंतर दिसत होता. आपण उलट्या दिशेने निघालो आहोत. रंग पाहून आपण न पाहिलेली कोंबडी आणि न पाहिलेलं खाद्य ओळखू म्हणतो. पाऊस पडला की अंगण ओलं होतं, म्हणून ओलं अंगण पाहून पाऊस पडला असं म्हणता येत नाही. कुणी सडाही घातला असेल.

आता पहिली उडी, फोटोची. मी घरी एकच अंडं बशीत फोडलं आणि बशी न बदलता, एकाच मोबाइलने चार फोटो काढले. एक स्वयंपाकघरातल्या पिवळ्या बल्बखाली, एक पांढऱ्या ट्यूबखाली, एक ओसरीच्या सावलीत आणि एक भर उन्हात. चार फोटो शेजारी ठेवले तर चार वेगळ्या अंड्यांचे वाटत होते. बल्बखालचा केशरी, ट्यूबखालचा लिंबासारखा, सावलीतला दाट सोनेरी, उन्हातला फटफटीत पिवळा. डोळ्यांना तो बलक मात्र चारही ठिकाणी जवळजवळ सारखाच दिसत होता, कारण आपला मेंदू उजेडाचा रंग वजा करून पाहतो. मोबाइलही तसा प्रयत्न करतो, पण तो अंदाज असतो. बशीभोवती स्टीलचं ताट आहे, केळीचं पान आहे की लाल टेबलक्लॉथ आहे, यावर तो अंदाज बदलतो.

बलकाच्या बाबतीत ही चूक विशेष मोठी होते, आणि त्याला कारण आहे. मोबाइल प्रत्येक ठिपक्याचा रंग तीन आकड्यांत लिहितो: लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येक 0 ते 255. बलकातली रंगद्रव्यं निळा प्रकाश शोषून घेतात, म्हणून निळा आकडा जवळजवळ शून्याला टेकलेला असतो. लाल प्रकाश ती जवळजवळ सगळा परत फेकतात, म्हणून लाल आकडा वरच्या टोकाला असतो. मग पिवळा की केशरी हे ठरतं एकट्या हिरव्या आकड्यावर. लाल 255, हिरवा 200, निळा 0 असेल तर डोळ्याला पिवळा दिसतो. तोच हिरवा 140 वर आला की गडद केशरी. म्हणजे "पिंजऱ्यातली" आणि "मोकळी" यांच्यातला सगळा फरक एका आकड्याच्या चढउतारात आहे, आणि तो आकडा उजेडाने सहज हलतो. उन्हात फोटो जास्त उजळ आला की लाल आकडा 255 वर अडकतो, त्याला वर जायला जागा नसते. हिरवा मात्र वर चढत राहतो आणि बलक फिका दिसतो. सावलीत फोटो थोडा अंधारा आला की दोन्ही आकडे खाली येतात, प्रमाण टिकतं आणि बलक दाट दिसतो. हे कोणी मुद्दाम केलेलं नसतं. त्यात फोटो सजवणाऱ्याने रंग थोडा भडक केला तर पाहणाऱ्याला कळण्याचा मार्ग उरत नाही.

अंडं उकडलेलं असेल तर आणखी एक अडचण येते. शिजल्यावर बलकाचे बारीक कण प्रकाश विखुरतात, म्हणून तोच बलक कच्च्यापेक्षा फिका दिसतो. कच्च्या आणि उकडलेल्या अंड्याच्या फोटोंची तुलना करणं म्हणजे ओल्या आणि वाळल्या मातीची तुलना करणं. जास्त वेळ उकडलं तर बलकाभोवती करडी-हिरवी कडा येते. तीही कोंबडीने काही खाल्ल्याची खूण नव्हे. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह उष्णतेने एकत्र आल्याची ती खूण आहे, आणि ती चूक फार तर चुलीजवळच्या माणसाची.

खाद्यशास्त्रज्ञांना बलकाचा रंग मोजावा लागतो तेव्हा ते काय करतात, हे पाहिलं की फोटोवाल्याचं धाडस किती मोठं आहे ते कळतं. त्यांच्याकडे रंगपट्ट्यांचा पंखा असतो. मूळचा रोश कंपनीचा, 15 पात्यांचा, अगदी फिक्या पिवळ्यापासून लालसर केशरीपर्यंत. कच्चा बलक न चमकणाऱ्या पृष्ठभागावर ठेवायचा, उजेड पसरट आणि दिवसाचा हवा, पाती बलकाच्या लगेच वर धरायची आणि वरून पाहायचं. इतकं करूनही निकाल एकच मिळतो: बलक कितव्या पात्याचा आहे. कोंबडी कुठे राहते हे त्या पंख्यावर लिहिलेलं नसतं.

दुसरी उडी, रंगावरून खाद्याची. ही चूक समजून घ्यायला दोंडाईच्याइतकं सोयीचं गाव मला दुसरं सुचत नाही, कारण बलक रंगवायला लागणाऱ्या दोन मुख्य वस्तू आमच्या दारातच आहेत.

पहिली वस्तू मका. दोंडाईच्यात मक्यापासून स्टार्च काढणारा युनिव्हर्सल स्टार्चचा कारखाना आहे. मका भिजवून दळतात आणि त्याचे भाग वेगळे करतात: अंकुर, कोंडा, स्टार्च आणि ग्लुटेन नावाचं प्रथिन. स्टार्च पांढराशुभ्र निघतो. मग दाण्यातला पिवळेपणा कुठे गेला? तो प्रथिनाला चिकटून ग्लुटेनमध्ये जातो. पिवळ्या मक्यात किलोमागे साधारण 20 मिलिग्रॅम पिवळं रंगद्रव्य असतं, तर दाट ग्लुटेनमध्ये किलोमागे 250 मिलिग्रॅमच्या आसपास. आता फार्मच्या खाद्याचा हिशेब करू. एक किलो खाद्यात अर्धा किलो मका धरला तर त्यातून 10 मिलिग्रॅम रंगद्रव्य आलं. त्यात नुसतं 30 ग्रॅम ग्लुटेन मिसळलं की आणखी साडेसात मिलिग्रॅम येतं. म्हणजे मूठभर ग्लुटेनने पावणेचारशे ग्रॅम मक्याचं काम केलं. कोंबडी पिंजऱ्यातच आहे, तिने गवताचं एक पातं पाहिलेलं नाही, पण तिचा बलक ठळक पिवळा झाला.

दुसरी वस्तू मिरची. नंदुरबार आणि दोंडाईचा ही लाल मिरचीची नावाजलेली गावं. हंगामात मैदानांवर मिरची वाळत घातलेल्या पथाऱ्या दूरवरून लाल दिसतात. पिवळ्या रंगद्रव्याने बलक एका मर्यादेपर्यंतच गडद होतो. सोनेरी होतो, पण लालसर केशरी होत नाही. पंख्याच्या वरच्या पात्यांपर्यंत न्यायचा असेल तर लाल रंगद्रव्य लागतं. ते फार लागत नाही. पिवळ्याचा पाया तयार असला तर टनभर खाद्याला दोन-चार ग्रॅम शुद्ध लाल रंगद्रव्य पुरतं. ते मिरचीच्या अर्कातून काढता येतं किंवा कारखान्यात बनवलेलं मिळतं. कोंबडीला त्याचा त्रासही होत नाही. तिखटपणा जाणवून देणारी जी रचना आपल्या जिभेत आहे ती पक्ष्यांमध्ये तिखटाला प्रतिसाद देत नाही. माणूस ठसक्याने हैराण होईल तिथे कोंबडी मिरचीचा चुरा निवांत टिपते. लाल रंग असतो मिरचीच्या सालीत, बियांत नाही, हेही इथल्या प्रत्येकाला हाताने माहीत आहे.

तर फोटोतला तो उजवीकडचा लालसर केशरी बलक पुन्हा पाहा. हिरवं गवत प्रामुख्याने पिवळं रंगद्रव्य देतं. लालीकडे झुकलेला केशरी रंग वर्षभर, प्रत्येक अंड्यात, एकसारखा दिसत असेल तर मला आधी गवत आठवत नाही, खाद्यातला तोलून घातलेला रंग आठवतो. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. परवानगी असलेली रंगद्रव्यं ठरल्या प्रमाणात घातली तर त्यात धोका नाही. माझं म्हणणं इतकंच की ज्या रंगाला लोक मोकळ्या कोंबडीची सही समजतात, ती सही पिशवीत मिळते. आणि एकदा ग्राहक रंगाला पैसे मोजू लागला की रंग घालणाऱ्याला ते पैसे मिळतात. 2006 साली चीनमध्ये याचं वाईट टोक दिसलं. तिथे लाल बलकाच्या बदकअंड्यांना जास्त भाव मिळत होता, आणि तपासणीत काही अंड्यांमध्ये सुदान हा कारखान्यात वापरायचा रंग सापडला. तो खाण्याचा रंगच नव्हे. रंग पाहून दर्जा ठरवणाऱ्या ग्राहकाने तिथे स्वतःच्या हाताने विषाला बक्षीस दिलं होतं.

आता मावशीच्या कोंबड्यांकडे वळू, कारण खरा मुद्दा तिथे आहे. आषाढापासून भाद्रपदापर्यंत तिच्या कोंबड्या बांधावरचं कोवळं गवत, तांदुळजा, किडे, अळ्या टिपतात. त्या दिवसांत तिचा बलक गडद सोनेरी असतो. मग पावसाळा सरतो. खानदेशात चैत्र-वैशाखात बांधावर हिरवं काही राहत नाही, गवत वाळून पांढरं पडतं. तेव्हा मावशी ओंजळभर बाजरी टाकते, ज्वारीची कणी टाकते, शिळ्या भाकरीचे तुकडे टाकते. बाजरी आणि ज्वारीत हे पिवळं रंगद्रव्य नगण्य असतं. तांदळाच्या कणीत तर नसतंच. दहा-पंधरा दिवसांत बलक उतरतो आणि फिका पिवळा होतो. कोंबडी तीच, मोकळेपणा तोच, दाणा स्वच्छ. बदलला तो ऋतू.

त्याच वैशाखात फार्मवरच्या कोंबडीला मका मिळतो, ग्लुटेन मिळतं, हवं तर रंगाची पुडीही मिळते. तिच्यासाठी बाराही महिने सारखे. म्हणजे मे महिन्यात मावशीचं अंडं आणि फार्मचं अंडं एका बशीत फोडून फोटो काढला तर फिकं असेल ते बहुधा गावरान आणि गडद असेल ते फार्मचं. फिरणाऱ्या फोटोखालचा मजकूर नेमका उलटा लागू होईल. त्या गिऱ्हाइकाने मावशीला खोटं ठरवलं ते बरोबर याच महिन्यात. उन्हाळ्यातही तिचा बलक आषाढासारखा गडद निघाला असता तर उलट विचारायला हवं होतं की, मावशी, हा रंग आला कुठून?

गावरान कोंबडीबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. फार्मची कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घालते, गावरान त्याच्या चौथा-पाचवा हिस्सा. आत गेलेलं रंगद्रव्य फार्मच्या कोंबडीत रोज नव्या बलकात वाटलं जातं, गावरान कोंबडीत ते थोड्या अंड्यांत साठतं. म्हणजे दोघींनी एकच खाद्य खाल्लं तरी बलक एकसारखे येतीलच असं नाही. खाद्य तेच, पण मकाच जुना असेल तरी रंग उतरतो, कारण साठवणीत हवा आणि उष्णतेने रंगद्रव्य झिजत जातं. कोंबडीच्या आतड्यात जंत झाले, रक्ती हगवण लागली किंवा बुरशी लागलेल्या मक्यातलं अफ्लाटॉक्सिन पोटात गेलं तर खाद्यातला रंग शोषलाच जात नाही आणि भरपूर मका खाऊनही बलक फिका पडतो. एका फिक्या बलकामागे बाजरी असू शकते, जुना मका असू शकतो, ऋतू असू शकतो, आजार असू शकतो. कोंबड्या पाळणाऱ्याने आपल्याच कळपाचा रंग अचानक उतरलेला पाहिला तर त्याने जरूर कान टवकारावेत, कारण बाकी सगळं त्याला माहीत आहे आणि बदललं काय ते तो शोधू शकतो. फोटो पाहणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं.

आमच्या भागात रंग खरंच काही सांगतो असं एक ठिकाण आहे, तेही प्रामाणिकपणे नोंदवतो. हा कापसाचा मुलूख. कोंबड्यांना सरकी किंवा सरकीची ढेप जास्त मिळाली तर त्यातलं गॉसिपॉल बलकातल्या लोहाशी जुळतं आणि बलक तपकिरी-हिरवट होतो. सरकीच्या तेलातल्या दुसऱ्या एका घटकाने पांढरा भाग गुलाबीसर होतो. पाळणाऱ्याने ही खूण ओळखावी आणि ढेप बंद करावी. पण गंमत अशी नव्हे, तर अडचण अशी की हा बदल अंडं काही दिवस साठवल्यावर ठळक होतो. ताज्या अंड्याच्या फोटोत तो दिसेलच असं नाही. जिथे रंगाला खरा अर्थ आहे तिथेही फोटो उपयोगी पडत नाही.

आता तिसरी उडी, जी सगळ्यात जास्त लोक मारतात: गडद बलक म्हणजे पौष्टिक अंडं. ही दोन बाजूंनी तपासता येते. एका बाजूला, रंग बदलून पोषण तसंच राहतं का? राहतं. फार्मच्या खाद्यात मिरचीचा अर्क घातला तर बलक लालसर केशरी होतो, पण अंड्यातली प्रथिनं तेवढीच, चरबी तेवढीच, लोह तेवढंच. कॅप्सँथिनपासून जीवनसत्त्व अ सुद्धा तयार होत नाही. दुसऱ्या बाजूला, पोषण बदलून रंग तसाच राहतो का? तोही राहतो. कोंबडीला जवस खाऊ घातलं तर बलकातलं ओमेगा-3 प्रकारचं तेल वाढतं. अंडं खऱ्या अर्थाने बदलतं, पण जवसाने बलकाला केशरी रंग येत नाही. तसंच जीवनसत्त्व अ चं. शुद्ध रूपात ते इतकं फिकं असतं की बलकाच्या रंगात त्याचा वाटा दिसत नाही. खाद्यात ते मिसळलेलं असेल तर बाजरी खाणाऱ्या कोंबडीचा फिका बलकही त्याने भरलेला असतो. रंग हलतो तेव्हा पोषण हलत नाही आणि पोषण हलतं तेव्हा रंग हलत नाही. मग एक पाहून दुसरं कसं ओळखणार?

यावर कोणी म्हणेल की पिवळं रंगद्रव्य स्वतःच डोळ्यांसाठी चांगलं असतं. हे मान्य. ल्युटिन आणि झियाझँथिन आपल्या डोळ्याच्या पडद्यात असतात आणि बलकातून ती शरीराला सहज मिळतात. गडद पिवळ्या बलकात ती जास्त असतात. पण मग म्हणा की या अंड्यात ल्युटिन जास्त आहे. त्यावरून कोंबडी मोकळी होती, अंडं ताजं आहे, निर्जंतुक आहे, प्रथिनं जास्त आहेत, असं काही म्हणू नका. आणि ल्युटिनच हवं असेल तर तांदुळजाची किंवा मेथीची भाजी ते बलकापेक्षा कितीतरी जास्त देते.

अंड्याचा दर्जा म्हणजे काय, हे आपल्याकडे लिहून ठेवलेलं आहे. अ‍ॅगमार्कच्या प्रतवारीत अंड्याचं वजन पाहतात, कवच स्वच्छ आणि अखंड आहे का पाहतात, उजेडासमोर धरून आतला वायुकोष मोजतात. पहिल्या प्रतीला तो 4 मिलिमीटरच्या आत हवा, दुसऱ्या प्रतीला 8 मिलिमीटरच्या आत. पांढरा भाग स्वच्छ आणि घट्ट हवा, बलक मधोमध हवा. बलकाचा रंग कोणता असावा हे त्या निकषांत नाही. ते विसरले म्हणून नाही, तर रंगावरून दर्जा ठरत नाही म्हणून. ताजेपणा रंगाने नव्हे, उंचीने कळतो. अमेरिकेत रेमंड हॉ यांनी 1937 साली दाखवलेली पद्धत आजही वापरतात: अंडं सपाट काचेवर फोडायचं, दाट पांढऱ्याची उंची मोजायची आणि अंड्याच्या वजनाशी तिचं गणित मांडायचं. अंडं जुनं होत गेलं की दाट पांढरा पाण्यासारखा पातळ होतो आणि पसरतो, बलक चपटा होतो. फिरणाऱ्या फोटोंत अंडं नेहमी थेट वरून काढलेलं असतं. वरून उंची दिसत नाही. म्हणजे जी एक गोष्ट फोटोतून थोडीफार कळली असती, तीच त्या कोनाने झाकली जाते.

आणि जे सगळ्यात भीतीचं आहे ते तर कुठल्याच कोनातून दिसत नाही. 2006 च्या फेब्रुवारीत आमच्या शेजारच्या नवापुरात बर्ड फ्लू सापडला तेव्हा सगळ्या खानदेशात अंडी खाणं जवळजवळ थांबलं होतं. तेव्हाही लोक अंडी फोडून रंग पाहत होते. विषाणू असो की साल्मोनेला, बलकाच्या रंगावर त्याची खूण नसते. त्यावर उपाय एकच, अंडं पूर्ण शिजवून खाणं.

मग ग्राहकाने करायचं काय? ताजेपणा हवा असेल तर अंडं सपाट ताटलीत फोडून ताटलीच्या पातळीवरून, आडव्या नजरेने पाहा. बलक फुगलेला उभा आहे का आणि भोवती घट्ट पांढऱ्याची कडा आहे का, हे दिसेल. न फोडता पाहायचं असेल तर पाण्यात सोडा; तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर खाऊ नका. हे कोंबडी कुठली होती ते सांगणार नाही, पण अंडं ताजं आहे की जुनं याचा साधारण अंदाज देईल. कोंबडी काय खाते हे जाणून घ्यायचं असेल तर विकणाऱ्याला विचारा, आणि विचारून समाधान झालं नाही तर एकदा तिच्या घरी जा. आपल्याकडे हे अवघड नाही. बाजारात बसणारी मावशी चार-सहा किलोमीटरवरच राहते. आणि फोटोच काढायचा असेल, एकाच कळपाचा रंग महिन्यागणिक टिपायचा असेल, तर कच्चा बलक, सावलीतला दिवसाचा उजेड आणि शेजारी रंगाचा पंखा किंवा निदान तोच एक करडा कागद, हे प्रत्येक वेळी ठेवा. त्यातून रंगद्रव्य वाढलं की घटलं एवढं कळेल. त्यापलीकडचं काही त्या फोटोला विचारू नका.

फोटोखालचा मजकूर कोणाला फसवण्यासाठी लिहिलेला नसेल. लिहिणाऱ्याला मोकळ्या कोंबड्यांची कणव असेल, भेसळीची चीड असेल, आणि त्या दोन्ही भावना मला मान्य आहेत. पण त्या मजकुराने मोकळ्या कोंबडीचं भलं होत नाही. तिचा बलक ऋतूबरोबर बदलतो, कारण ती ऋतूत राहते. रंग न बदलणारा बलक मागणारा ग्राहक तिला नाही, रंगाच्या पुडीला पैसे देतो. आणि ज्या बाईने पदरची बाजरी टाकून उन्हाळाभर कोंबड्या जगवल्या, तिला भर बाजारात खोटं ठरवतो.

त्या दिवशी परत गेलेली अंडी मी घेतली. घरी फोडली तेव्हा बलक फिके होते, उभे होते, भोवती पांढऱ्याची घट्ट कडा होती. आषाढात पहिला पाऊस पडून दोन आठवडे झाले की मी पुन्हा तिच्याकडून अंडी घेतो, आणि तेव्हा बलक सोनेरी निघतात. मधल्या काळात मावशीने काहीच बदललेलं नसतं. बांध हिरवा झालेला असतो.